परदेशात राहून बघायचे स्थलांतराचे सिनेमे: सुरुवात 'द फेअरवेल'पासून करा, आणि डब केलेला बघू नका

प्रश्न: आम्ही मूळचे नाशिकरोडचे, आता बरीच वर्षं जर्मनीत आहोत. मुलगी चौदाची, मराठी सगळं समजतं पण उत्तर जर्मनमधे देते. नाशिकला आलो की आम्ही पाहुणे आणि इथे परत आलो की बाहेरचे. हे जे अर्धं इकडे अर्धं तिकडे वाटतं त्यावरचे चांगले सिनेमे सांगाल का? कुठल्याही भाषेतले चालतील, फक्त ते मोहरीच्या शेतातलं एनआरआय प्रकरण नको, ते बघून झालंय. कुठून सुरुवात करू आणि नेमकं काय बघू तेही सांगा.

उत्तर:

'द फेअरवेल'पासून सुरुवात करा. २०१९ चा सिनेमा, दिग्दर्शिका लुलू वँग, बराचसा मँडरिन चिनीत, थोडा इंग्लिश आणि अगदी थोडा जपानी. बाकीची नावं पुढे सांगतोच, पण नावांच्या आधी एक सांगायचंय. इथे नाशिकला फिल्म सोसायटीत मी बरीच वर्षं सिनेमे दाखवतोय, रसग्रहणाचे वर्ग घेतोय आणि या विषयावरचा सिनेमा लागला की नंतरच्या चर्चेत पहिला प्रश्न हमखास एकच येतो, की मग शेवटी तो परत आला का? जणू सगळा सिनेमा म्हणजे विमानाचं तिकीट काढायचं की नाही एवढंच. आपल्या हिंदी सिनेमानेच ही सवय लावलीय. 'दिलवाले दुल्हनिया' (१९९५) आणि 'परदेस' (१९९७) मधे निकाल आधीच लागलेला असतो, आत्मा इकडे आणि पगार तिकडे, आणि 'स्वदेस' (२००४) हा कितीतरी चांगला सिनेमा असूनही शेवटी निकाल देऊनच थांबतो. तुम्ही जे विचारताय ते निकालाच्या पलीकडचं आहे. तुम्ही परत आलात तरी ते जाणार नाही आणि नाही आलात तरी जाणार नाही.

म्हणून मी बघायची खूण वेगळी सांगतो. सिनेमात कोण कोणाशी कुठल्या भाषेत बोलतंय, आणि ती भाषा कुठल्या क्षणी बदलते, तेवढं बघत जा. एअरपोर्ट, पासपोर्ट, आईच्या हातचं जेवण, हे सगळं कुठलाही दिग्दर्शक दाखवू शकतो. पण एकच माणूस एका भाषेत धीट आणि दुसऱ्या भाषेत लहान पोर होऊन जातो, हे दाखवायला त्यातून गेलेला माणूस लागतो. (आपले फाळके १९१२ मधे लंडनला गेले ते कॅमेरा आणायला, काम झालं आणि माघारी आले, पुढे नाशिकला स्टुडिओ चालवला. त्यांना हा प्रश्न पडला असेल असं वाटत नाही. तो पडतो राहिलेल्यांना.)

आता 'द फेअरवेल' नीट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नातलं जवळपास सगळं त्यात आहे. शेवट सांगितला म्हणून बिघडेल असा हा सिनेमा नाही, तरी ज्यांना अजिबातच काही कळायला नको असेल त्यांनी पुढचे काही परिच्छेद सोडावेत.

बिली नावाची तिशीतली मुलगी न्यूयॉर्कमधे राहते, लहानपणीच आईबापांबरोबर चीनमधून अमेरिकेत आलेली. आजी, म्हणजे नाय नाय, चीनमधल्या चांगचुन शहरात. आजीला फुप्फुसाचा कॅन्सर आहे, शेवटची स्टेज, डॉक्टर म्हणतात तीन महिने. घरच्यांनी ठरवलंय की आजीला सांगायचं नाही. पण सगळ्यांना शेवटचं भेटायचं तर आहे, मग निमित्त काय काढायचं? तर बिलीचा चुलतभाऊ जपानमधे असतो, त्याचं एका जपानी मुलीशी जेमतेम तीन महिन्यांपासून जमलंय, त्यांचं लग्न लावून टाकायचं. म्हणजे वरून लग्नाचा हॉल, जेवणाची टेबलं, नवरानवरीचे फोटो आणि आतून सगळा निरोपाचा कार्यक्रम. बिलीला मात्र आईबाप नेतच नाहीत, कारण हिच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, ही सांगून टाकेल. ती आपली आपण तिकीट काढून जाऊन पोचते. ही दिग्दर्शिकेच्या स्वतःच्या घरात घडलेली गोष्ट आहे, आणि सिनेमा सुरू होतानाच पडद्यावर येतं की हे एका खऱ्या खोटेपणावर आधारित आहे.

पहिलाच सीन फोनचा आहे, तो दोनदा बघा. आजी हॉस्पिटलमधे तपासणीला आलीय आणि नातीला फोनवर सांगते की मी बहिणीकडे आलेय. इकडे नात न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून चाललीय, आजी विचारते थंडी आहे, टोपी घातलीस ना? ती म्हणते हो घातली, आणि घातलेली नसते. दोघीही खोटं बोलतायत, दोघीही प्रेमाने बोलतायत आणि दोघींनाही त्याचं काही वाटत नाही. पुढचा अख्खा सिनेमा या एका फोनमधे आहे, कारण नंतर बिली जेव्हा तावातावाने म्हणते की आजीला खरं सांगायला हवं, तेव्हा आपल्याला आठवतं की अगं तूही रोज हेच करत होतीस.

आम्ही हा गंगापूर रोडच्या एका हॉलमधे दाखवला होता. आमच्याकडे येणारे निम्मे लोक ओझरच्या एचएएलमधून नाहीतर नोट प्रेसमधून रिटायर झालेले, त्यांतल्या बऱ्याच जणांची मुलं बाहेर. मला वाटलं होतं की सांगावं की सांगू नये यावर वाद होईल, आणि झालाही थोडा. पण मागच्या रांगेतल्या एक काकू उठल्या आणि म्हणाल्या, "अहो हे आमच्याकडे उलटंच चालतं. मला स्टेंट बसवली तर आम्ही मुलाला महिन्याने सांगितलं, उगाच तिकीट काढून धावत यायचा." आणि मग एकेक जण सांगायला लागला, कोणी मोतीबिंदूचं ऑपरेशन लपवलं, कोणी पडून हात मोडलेला, व्हिडिओ कॉलमधे तो हात कॅमेऱ्याच्या बाहेर ठेवायचा म्हणे. सिनेमातला पहिला फोन त्या हॉलमधे सगळ्यांच्या घरी झालेला होता. तुम्ही तिकडून बघाल तेव्हा हे लक्षात ठेवा, की इकडची बाजू सिनेमात फक्त आजीच्या रूपात आहे पण ती फार बारकाईने आहे.

आता भाषेचं. बिलीचं चिनी कच्चं आहे. बोलता येतं पण लहान मुलासारखं, आणि वाद घालायला ते पुरत नाही. त्यामुळे होतं काय, की न्यूयॉर्कमधे टोमणे मारणारी, स्वतःची मतं असणारी ही मुलगी चांगचुनच्या जेवणाच्या टेबलावर गप्प बसते, खाली मान घालून बसते, तिचे खांदेसुद्धा पडतात. बिली झालेल्या ऑक्वाफिनाने हे काम खांद्यांतून केलंय असं मी वर्गात सांगतो. तुमची मुलगी नाशिकला आल्यावर मोठ्यांच्यात गप्प बसते का? बसत असेल तर ती लाजाळू आहे असं नातेवाईक म्हणतात, पण बऱ्याचदा तसं नसतं. तिला जे म्हणायचंय ते म्हणण्याइतकी मराठी तिच्याकडे नसते एवढंच.

याचं टोक हॉस्पिटलच्या सीनमधे येतं. आजीला खोकला वाढलाय म्हणून आणलंय, तरुण डॉक्टर तपासतोय, आणि बोलता बोलता कळतं की हा इंग्लंडमधे शिकलाय. बिली लगेच इंग्लिशमधे सुरू होते, आजीच्या समोर, आजीच्या पलंगापाशी उभं राहून, की ही खरंच किती आजारी आहे, हिला सांगायला नको का. डॉक्टरही इंग्लिशमधेच सांगतो की आमच्याकडे बहुतेक घरं असंच करतात. आणि आजी मधे पडून राहिलीय, तिला अक्षर कळत नाहीये, तिचं लक्ष याकडे की मुलगा चांगला आहे, लग्न झालंय का विचार. सगळा हॉल या ठिकाणी हसतो. हसू संपल्यावर जे जाणवतं ते भयंकर आहे, कारण जी मुलगी खऱ्याच्या बाजूने भांडतेय तिनेच तिच्या परक्या भाषेची भिंत करून आजीला तिच्याच मरणाच्या बोलण्यातून बाहेर काढलंय. इतके दिवस भाषा येत नाही म्हणून बिली बाहेर होती, इथे तिने आजीला बाहेर केलं. तुमच्या घरीही असं होत असणार, आजीआजोबा आले की नवराबायको आणि मुलगी मधेच जर्मनमधे बोलून घेता, सोयीचं असतं म्हणून. मी दोष देत नाही, पण हा सीन बघितल्यावर ते पुढच्या वेळी लक्षात येतं.

लोक या सिनेमातला काकाचा संवाद फार उचलून धरतात. काका बिलीला म्हणतो की पश्चिमेत माणसाचं आयुष्य त्याच्या एकट्याचं असतं, इकडे ते घराचा एक भाग असतं, आजीचं ओझं आपण उचलायचं असतं. चांगला संवाद आहे, पण मला विचाराल तर तो जरा जास्तच नीटनेटका आहे, भाषणासारखा, आणि हे काका स्वतः कित्येक वर्षं जपानमधे राहतायत हे विसरून चालणार नाही. पूर्वेची थोरवी सांगणारा माणूस स्वतः घर सोडून गेलेला, आणि मुलाच्या लग्नातल्या भाषणात तो असा रडतो की सावरणं कठीण होतं. म्हणजे दिग्दर्शिकेने त्याला वाक्य दिलं आणि मग त्याच्याच तोंडून त्याची किंमतही दाखवली. हे लक्षात न घेता नुसता संवाद शेअर करणाऱ्यांनी सिनेमा अर्धाच बघितलाय.

माझ्या मते खरी गाठ आहे बिली आणि आईच्या भांडणात. बिली फुटते आणि सांगते की आपण अमेरिकेला गेलो तेव्हा मी लहान होते, आजोबा गेले तेव्हा तुम्ही मला सांगितलंसुद्धा नाही, मी परत आले तर आजोबा नव्हते आणि घरही नव्हतं. इथपर्यंत आपल्याला वाटत असतं की हा वाद कॅन्सरचा आहे. तो नाहीये. तिच्याकडून एकदा निरोप काढून घेतला गेलाय आणि आता दुसऱ्यांदा तेच चाललंय, या वेळी तीही त्यात सामील आहे. परदेशात वाढलेल्या मुलांचं हे दुःख आईबापांना दिसत नाही कारण त्यांना वाटतं मूल लहान होतं, त्याला काय कळत होतं. तुमच्या मुलीबरोबर बघताना इथे थांबवून चर्चा वगैरे करू नका, फक्त बघू द्या.

शेवटाला फार काही 'घडत' नाही, आणि तेच बरोबर आहे. टॅक्सी निघते, आजी रस्त्यावर हात हलवत राहते. आणि मग श्रेयनामावलीच्या आधी खरी आजी दिसते, सहा वर्षं झाली तरी ठणठणीत. म्हणजे तीन महिन्यांचा निरोप सहा वर्षांपूर्वीच देऊन झालेला! कोण बरोबर होतं हे सिनेमा सांगत नाही. आमच्याकडे एकाने विचारलं की मग लपवल्यामुळे वाचली का? तसा अर्थ काढायला गेलात तर सिनेमा हातातून गेलाच म्हणून समजा.

आता मी वर डबिंगचं का म्हणालो ते कळलं असेल. तुम्ही जर्मनीत आहात, तिथे टीव्हीवर आणि बऱ्याच थिएटरमधे सगळं जर्मनमधे डब होऊन येतं. डब केलेल्या 'फेअरवेल'मधे आजी, बिली, डॉक्टर सगळेच जर्मन बोलणार, मग हॉस्पिटलच्या सीनचा अर्थच उरत नाही, नात आजीसमोर बोलतेय आणि आजीला कळत का नाही हेच प्रेक्षकाला कळायचं नाही. थिएटरला जात असाल तर मूळ भाषा आणि सबटायटल असलेला खेळ शोधा, आणि घरी लावताना ऑडिओत मूळ भाषा निवडली गेलीय ना ते बघा कारण बऱ्याचदा ॲप आपोआप तुमच्या अकाउंटची भाषा लावून मोकळं होतं. खूण सोपी आहे, पहिल्या फोनमधे आजी चिनी बोलली नाही तर बंद करून सेटिंग बदला. दुसरी गंमत म्हणजे सबटायटल पूर्ण लावलीत तर इंग्लिश आणि चिनी दोन्हीचं भाषांतर एकसारखंच खाली येत राहतं, मग डोळे वाचत बसतात आणि भाषा कधी बदलली हे कानाला कळत नाही. तुम्हाला इंग्लिश येतंच, तर शक्य असेल तिथे फक्त परभाषेच्या संवादांपुरती सबटायटल येणारा पर्याय लावा.

दुसरा सिनेमा 'द नेमसेक', २००६ चा, मीरा नायर यांचा. हा तुम्ही बघितला असण्याची शक्यता आहे, पण बहुतेकांनी तो मुलाची म्हणजे गोगोलची गोष्ट म्हणून बघितलेला असतो, नावावरून झालेला गोंधळ वगैरे. तुम्ही आता तो आशिमाची, म्हणजे तब्बूची गोष्ट म्हणून बघा. मूळ कादंबरीत हे कुटुंब बॉस्टनच्या बाजूला राहतं, सिनेमात ते न्यूयॉर्कला आणलंय आणि त्यामुळे कोलकात्याचा हावडा पूल आणि न्यूयॉर्कचा पूल एकमेकांत मिसळत जातात. कधी कधी क्षणभर कळत नाही की आपण कुठल्या शहरात आहोत, आणि ते मुद्दाम आहे.

यात वस्तू बघा, विशेषतः बूट. मुलगा बघायला आलाय, तो आत बसलाय, आणि आशिमा बाहेर दाराशी त्याचे अमेरिकन बूट बघते आणि हळूच त्यात पाय घालते. अजून माणूस बघितलेला नाही, देश बघितलेला नाही. पुढे नवरा, इरफान खान, नोकरीसाठी काही महिने एकटाच ओहायोला राहायला जातो आणि तिथेच एकटा मरतो. बातमी कशी येते, तर फोनवर, अनोळखी आवाजात, इंग्लिशमधे. इतकी वर्षं अमेरिकेत काढलेल्या बाईला आयुष्यातलं सगळ्यात मोठं वाक्य परक्या माणसाकडून कामकाजाच्या भाषेत ऐकावं लागतं. मुलगा सामान आवरायला जातो आणि बापाच्या बुटात पाय घालून उभा राहतो. त्याने आईचा तो जुना किस्सा बघितलेला नाही, आपण बघितलेला आहे, त्यामुळे दोन्ही बूट फक्त प्रेक्षकाच्या मनात जुळतात. मग तो केस काढून येतो. त्याची अमेरिकन मैत्रीण काळे कपडे घालून येते, घरातले सगळे पांढऱ्यात. ती वाईट मुलगी नाहीये, उलट प्रेमाने आलीय, आणि तरी त्या खोलीत ती एकदम लांब दिसते. कोणीही तिला काहीही बोलत नाही.

शेवटी आशिमा घर विकते आणि ठरवते की सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. काही समीक्षकांना ही तडजोड वाटली, मला तर हाच या विषयावरचा सगळ्यात प्रामाणिक शेवट वाटतो कारण आमच्या ओळखीत कितीतरी आजीआजोबा असेच राहतायत, व्हिसाच्या तारखांवर.

'पास्ट लाइव्ज' (२०२३, दिग्दर्शिका सेलीन साँग) नवराबायकोने मिळून बघा, मुलीला नंतर. कोरियातली बारा वर्षांची ना यंग घरच्यांबरोबर कॅनडाला जाते, पुढे न्यूयॉर्कला नोरा होऊन नाटकं लिहिते. बारा वर्षांनी लहानपणीचा मित्र स्काइपवर सापडतो, आणि आणखी बारा वर्षांनी तो भेटायला येतो, तेव्हा तिचा अमेरिकन नवरा आर्थर घरी आहे. प्रेमाचा त्रिकोण म्हणून बघाल तर वाटेल की काही होतच नाही. नवऱ्याचं एक बोलणं मात्र सोडू नका. तो म्हणतो की तू झोपेत फक्त कोरियनमधे बोलतेस, मला न कळणाऱ्या भाषेत तू स्वप्नं बघतेस. नवरा जागा होऊन ऐकतोय आणि त्याला आत जायला दार नाही. मग बारमधला सीन येतो, डावीकडे मित्र, उजवीकडे नवरा, मधे ती, आधी ती दोघांचं एकमेकांना सांगत राहते आणि मग हळूहळू सांगणं थांबवते, कोरियनमधेच बोलत राहते, आणि नवरा शेजारी गप्प बसून असतो. 'फेअरवेल'मधल्या डॉक्टरच्या सीनशी ताडून बघा, इथे भिंत दुसऱ्या बाजूने उभी राहिलीय.

रडण्याचंही बघा. लहानपणी ती सारखी रडणारी मुलगी असते, तो मित्र समजूत काढायचा. कॅनडात गेल्यावर ती रडायची थांबली, कारण तिकडे रडलं तरी कोणी विचारायचं नाही. सिनेमाच्या शेवटी ती रडते तेव्हा लोक म्हणतात की तो गेला म्हणून रडली. मी म्हणतो ती बारा वर्षांची मुलगी, जी सोलला राहून गेली, तिच्यासाठी रडली. मित्र त्या मुलीला भेटायला आला होता आणि ती तर इथे राहतच नाही.

'मिनारी' (२०२०) थोडक्यात, कारण तो तुम्हाला आवडेलच, सांगायची गरज नाही. ऐंशीच्या दशकात कोरियन कुटुंब अमेरिकेतल्या आर्कन्सा राज्यात शेती करायला जातं, आणि मग कोरियाहून आजी येते, जी नातवाच्या मते 'खऱ्या आजीसारखी' नाहीच. आजीच्या कामासाठी युन यो-जंग यांना ऑस्कर मिळालं. तुमच्या मुलीबरोबर बघायला हा सगळ्यात सोपा. गंमत बघा, हा सिनेमा अमेरिकेत अमेरिकन दिग्दर्शकाने बनवला, तरी संवाद बहुतेक कोरियन म्हणून गोल्डन ग्लोबवाल्यांच्या तेव्हाच्या नियमाने तो परदेशी भाषेच्या विभागात गेला आणि तिथे जिंकला. घरचाच माणूस आणि बसवलं पाहुण्यांच्या पंगतीत.

आता तुम्ही जर्मनीत आहात म्हणून एक खास, जर्मन दिग्दर्शक फासबिंडरचा १९७४ चा सिनेमा, इंग्लिशमधे 'अली: फिअर ईट्स द सोल' नावाने मिळेल. म्युनिकमधे साफसफाईचं काम करणारी साठीची विधवा एमी आणि तिच्याहून खूप लहान मोरोक्कन कामगार अली लग्न करतात. पहिल्या भागात अपेक्षित तेच होतं, शेजारणी तोंड फिरवतात, दुकानदार माल देत नाही, मुलगा रागाने टीव्हीला लाथ घालतो. पण दुसरा भाग बघा, कारण खरा फासबिंडर तिथे आहे. दोघं सुट्टीवर जाऊन येतात आणि अचानक सगळे गोड वागायला लागतात. का? तर दुकानदाराला गिऱ्हाईक हवंय, शेजारणीला तळघरातली जागा हवीय, अलीच्या ताकदीचा सामान हलवायला उपयोग आहे. म्हणजे स्वीकार झाला पण कामापुरता. आणि तेव्हाच एमी बदलते. ती मैत्रिणींना अलीचे दंड दाबून दाखवते, तो कुसकुस कर म्हणतो तर म्हणते आता जर्मन खाण्याची सवय कर. जी बाई त्याच्यासाठी सगळ्यांशी भांडली तीच. शेवटी तो कोसळतो, अल्सर असतो, आणि डॉक्टर अगदी रोजच्यासारखं सांगतो की परदेशी कामगारांमधे हे नेहमी दिसतं, ताणामुळे. हा दीड तासाचा सिनेमा बघून मला कळलं की बाहेरचं असणं ही फक्त वाईट माणसांच्या वागण्याची गोष्ट नाही. तुमच्या ऑफिसात असं उघड होणार नाही, पण 'सगळे छान वागतात' आणि 'आपलं मानतात' यातलं अंतर तुम्हाला माहीत असणार. हा मुलीला इतक्यात नको.

आणि मराठी? तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो. 'सैराट' (२०१६) चा दुसरा भाग पुन्हा बघा, गाणी सोडून, सरळ इंटरवलनंतरचा. करमाळ्याकडच्या गावातली पाटलाची मुलगी हैदराबादच्या वस्तीत येऊन पडते, तेलुगू कळत नाही, नळावर पाणी भरायचं, कारखान्यात काम करायचं. ज्या आर्चीचा गावात शब्द खाली पडत नव्हता तिच्या तोंडात इथे शब्दच नाहीत. पुढे ती तेलुगू शिकते, बोलायला लागते आणि तिचा ताठा हळूहळू परत येतो, पण तो दुसऱ्या कोणाचा तरी ताठा असतो, कमावलेला. मधेच ती आईला फोन लावते. तो फोन 'फेअरवेल'मधल्या पहिल्या फोनशेजारी ठेवून बघा. लोक याला जातीचा आणि प्रेमाचा सिनेमा म्हणतात, तो आहेच, पण पासपोर्ट न लागता झालेलं स्थलांतर मराठीत इतकं नीट दुसरीकडे मी बघितलेलं नाही. 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) मधल्या गोडबोले बाईही आपल्याच, छान आहे, पण ती काही आठवड्यांची पाहुणी आहे, राहायला गेलेली नाही, तुमचा प्रश्न तिचा नाही.

बघायचा क्रम माझ्या मते असा ठेवा: मुलीबरोबर आधी 'फेअरवेल', मग 'मिनारी'. दोघांनी मिळून 'पास्ट लाइव्ज' आणि 'अली'. एका आठवड्यात दोनच्या वर नको, एकामागून एक बघितले की सगळे एकच वाटायला लागतात.

नाशिकरोडला आईवडील असतील आणि तुम्ही तिकडून फोन करून म्हणणार असाल की आपण सगळे एकाच दिवशी 'नेमसेक' बघू, तर एक करा. इरफानचं जाणं आणि तो फोन सिनेमात साधारण मधे येतो आणि काही कल्पना न देता येतो. एकटं राहणाऱ्या सत्तरीच्या माणसांना ते आधी सांगून ठेवा, आणि जमलं तर तुम्ही भारतात असताना शेजारी बसूनच बघा. आमच्याकडे त्या सीननंतर एक गृहस्थ उठून बाहेर गेले होते, पाणी पिऊन येतो म्हणाले, ते सिनेमा संपल्यावरच आत आले.